सव्विसावी ओळ

मधुसूदनकाकांची नोटीस ग्रुपवर पडली, तेव्हा शनिवारचे सहा वाजले होते. मोबाईलवर बोट घासत उज्ज्वला खाली खाली जात राहिली, पण नोटीस काही संपेना. विषय झाला. संदर्भ झाला. 'सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना सविनय कळविण्यात येते की' झालं. मग भूमिगत जलसाठा आला, मग ऊर्ध्वस्थ जलसाठा आला, आणि मग ठराव क्रमांक सात आला. तिनं ओळी मोजल्या. एकतीस!

खाली धडाधड अंगठे येऊन राह्यले होते. नोटीस पडून दोन मिनिटं झाली नव्हती आणि अकरा जणांनी अंगठा दिला होता. एकतीस ओळी दोन मिनिटांत कोण वाचतं? नववीचा अख्खा वर्ग मिळूनही वाचणार नाही.

"बा," ती म्हणाली, "ही नोटीस कोणीच वाचली नाही."

लखन पार्किंगमधल्या त्यांच्या खोलीच्या दारात बसून नायलॉनच्या दोराला गाठी मारत होता. तो पूसतीर सोसायटीचा वॉचमन. रात्री गेट, दिवसा पडेल ते काम. उद्या त्याला खालच्या टाकीत उतरायचं होतं. पुसदला नळ येतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ते पाणी इमारतीच्या मागच्या जमिनीतल्या टाकीत साठतं आणि मोटर लावली की गच्चीवरच्या टाकीत चढतं. खालच्या टाकीत वर्षभराचा गाळ बसला होता. लखन आत उतरून तो काढणार आणि तांड्यावरून येणारा धावजी वर तोंडाशी उभा राहून बादल्या ओढणार, असं ठरलं होतं.

"वाचो न वाचो," लखन म्हणाला, "पाणी बंद म्हणजे बंद. त्यात काय वाचाचं?"

पण उज्ज्वलाला आता गप्प बसवत नव्हतं. जानेवारीपासून शाळेच्या भित्तिपत्रकाची संपादक तीच होती. हेडमास्तरांचं दोन पानी मनोगत तिनं सात ओळींत बसवलं होतं आणि हेडमास्तर वर म्हणाले होते, मला हेच म्हणायचं होतं. तेव्हापासून तिला कुठंही लांबण दिसलं की हात शिवशिवायचे. दुकानाच्या पाट्या, बसवरच्या सूचना, लग्नाच्या पत्रिका. आईनं, म्हणजे याडीनं, तर तिला पत्रिका दाखवणंच बंद केलं होतं.

ती तडक पहिल्या मजल्यावर गेली. एकशेदोनची बेल दाबली.

मधुसूदनकाका तहसील कार्यालयात नाझर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी त्यांचं पेन अजून ड्युटीवरच होतं. सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यापासून तर त्याला रोज कामही मिळत होतं.

"काका, नोटीस भारी झाली," उज्ज्वला म्हणाली. "पण लहान करू का?"

आतून कुंदाकाकू खळखळून हसल्या. "कर व बाई! माणूस तहानेनं मरून जाईल, पण यांची नोटीस संपाची नाही."

"लहान म्हणजे?" काकांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "त्यातलं अनावश्यक काय आहे, ते आधी सांग."

"तुम्ही सांगा काका, लोकांनी उद्या करायचं काय?"

"पाणी भरून ठेवायचं."

"ते कितव्या ओळीत आहे?"

काकांनी मोबाईल लांब धरला. बोट सरकवलं. पुन्हा वर नेलं. "एकोणिसाव्या," ते म्हणाले.

उज्ज्वला तिथंच सोफ्यावर बसली. न विचारता बसली, हे तिला नंतर घरी जाऊन आठवलं. त्यांचा मोबाईल तिनं मांडीवर घेतला आणि सुरू झाली. ठराव उडाला. विषय आणि संदर्भ उडाले. "काका, 'उद्या' नको. कोणी सकाळी उठून वाचलं तर त्याचा उद्या सोमवार होते. वार आणि तारीख टाकू." "बरं." "आणि 'सकाळच्या सत्रात' नको, घड्याळाचे आकडे टाकू." "बरं." काका बरं म्हणत होते आणि त्यांच्या ओळी एकेक करून जात होत्या. सव्विसावी ओळ आली: 'तसेच सदर कालावधीत विद्युत पंप कार्यान्वित करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'

"पाणीच बंद म्हटल्यावर पंप कोण लावते?" उज्ज्वला म्हणाली. तिनं ती ओळ पुसली. सगळ्यात जड तीच होती, ती गेल्यावर कसं मोकळं मोकळं वाटलं.

काकांनी तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

शेवटी उरलं ते असं:

'रविवार, २२ फेब्रुवारी. सकाळी ९ ते दुपारी १ पाणी बंद. टाकी साफ होणार आहे. ९ च्या आधी भरून ठेवा.'

जुनी नोटीस काकांनी सगळ्यांच्या मोबाईलवरून काढून टाकली आणि ही टाकली. मग काय विचारता! 'व्वा नाझरसाहेब!' 'पहिल्यांदा पूर्ण वाचली.' कोणी टाळ्या पाठवल्या, कोणी फुलं. काका लाजले आणि त्यांनी खाली लिहिलं, 'मसुदा : कु. उज्ज्वला लखन.' त्यानंतर अजून फुलं आली. उज्ज्वला त्या रात्री छातीवर वही ठेवून झोपली, आणि वहीत काही लिहिलेलंही नव्हतं.

सकाळी धावजी आला. टाकीचं लोखंडी झाकण पहाटेच उघडून ठेवलं होतं, आतली कोंडलेली हवा निघून जावी म्हणून. लखननं कंदिलासारखी दोरीवर बॅटरी सोडून आत पाहिलं. गुडघाभर पाणी होतं, आणि त्या पाण्याच्या तळाशी मोटर बसली होती. ही मोटर पाण्यातच बसते, पाण्यातच फिरते. मागच्या पोळ्याला ती चालू असताना याडीनं याच टाकीतून बादली काढली होती, तर तिच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. वायरमननं जोडावर चिकटपट्टी गुंडाळली आणि झालं म्हणाला. झालं की नाही, ते पुन्हा कोणी हात घालून पाहिलं नव्हतं.

लखननं जिन्याखालच्या पेटीतला फ्यूज उपसला आणि नेहमीसारखा पेटीवरच ठेवला. मग मोबाईल उज्ज्वलाच्या हातात दिला. "हा पाण्यात गेला तर तुह्या मामाले सांगा लागंन नवा घ्यायले. तू वर जाय. नऊ वाजले की गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद कर, अन् खालचा गाळाचा खोल. पाणी पूरं गेलं की आवाज दे."

"हाव."

"अन् वाकून पाहू नको. कठडा आखूड आहे."

"हाव ना, बा!"

नऊला तिनं कॉक फिरवला. सोळा घरांचं पाणी तिच्या एका मनगटानं बंद झालं, याची तिला मोठी गंमत वाटली. गाळाचा कॉक खोलल्यावर गढूळ पाणी गच्चीच्या पन्हळातून धो धो जाऊ लागलं. शेजारच्या प्लॉटवर स्लॅबचं काम होतं, तिथं काँक्रीट कालवायचं यंत्र घरघरत होतं. वाकू नको म्हटलं होतं म्हणून ती वाकली. खाली मागच्या बाजूला लखनचं डोकं टाकीच्या चौकोनात शिरताना दिसलं, मग खांदे, मग काहीच नाही. धावजी तोंडाशी उभा होता, हातात दोर.

साडेनऊला मोबाईल वाजला. ग्रुपवर एकशेतीनचा अभिषेक होता. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आईबाप लग्नाला बाभुळगावला गेलेले, आणि हा आत्ता उठलेला.

'भरायचं राहून गेलं यार. नळ कोरडा. पाचच मिनिटं मोटर लावतो. कोणाले भरून घ्यायचं असन तर घ्या पटकन.'

उज्ज्वलानं ते वाचलं आणि तिला आधी हसूच आलं. पाणी बंद आहे, सांगितलं ना, हा पोरगा...

मग हसू तिथंच थिजलं.

कारण पूसतीर सोसायटीत मोटर लावायला कोणाची परवानगी लागत नव्हती. ज्याच्या नळाचं पाणी आधी जाईल, त्यानं खाली जायचं आणि बटण दाबायचं, अशीच रीत. फ्यूज निघालेला दिसला तर तो परत बसवायचा, कारण व्होल्टेज वरखाली झालं की कोणी ना कोणी तो काढून ठेवतच असे. फक्त एक शिस्त होती. आधी ग्रुपवर 'लावतो' लिहायचं, म्हणजे दुसरा कोणी लावायला येत नाही, आणि बटण दाबण्याआधी एकदा ग्रुप पाहायचा, कोणी 'चालूच आहे' म्हणत असेल तर. एकदा दोघांनी मागंपुढं दाबून स्टार्टर जाळला होता, तेव्हापासून. इथं 'पाणी बंद' वाचलं की माणसाचे पाय आपसूक मोटरकडं वळायचे. पाणी नाही म्हणजे मोटर लावायची, हे या इमारतीत लेकरांनाही ठाऊक. आणि तिच्या त्या देखण्या चार वाक्यांत कुठंच नव्हतं की साफ होणारी टाकी खालची आहे आणि तिच्यात माणूस आहे.

मोटर लावू नका, एवढं तरी सव्विसाव्या ओळीत होतं. ती ओळ तिनं पुसली होती.

'हाव रे, लाव. माझा हंडा राहिला,' तीनशेएकनं लिहिलं. 'मी पण बादली लावली,' दोनशेचारनं लिहिलं.

उज्ज्वला लिहायला लागली. 'अभिषेकदादा, कृपया मोटर लावू नका, कारण आज आपल्या खालच्या...' नाही, नाही! तिनं सगळं खोडलं. 'बा टाकीत आहे.' कोणाचा बा? हा मोबाईल लखनचा. नाव लखनचं दिसणार. वाचणारे म्हणतील, लखनचा बा किसनसिंग तर तांड्यावर आहे, तो टाकीत कशाला? तिनं तेही खोडलं. बापाचं नाव असं नुसतं, उघडं, तिनं आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर लिहितानासुद्धा पुढं श्री लावायची.

'लखन खालच्या टाकीत उतरला आहे. मोटर लावू नका.'

पाठवलं.

क्षणात त्याच्यावर दोन मेसेज चढले. 'लाव लाव, लवकर.' 'माझ्याकडं पाहुणे आहेत, दहा मिनिटं ठेव.' आणि तिचा मेसेज वर सरकला. मग एक हात जोडलेला, मग कोणाच्या तरी नातवाचा सुप्रभातचा फोटो. तिचं वाक्य पडद्याच्या वरच्या कडेवरून निघून गेलं.

तिनं अभिषेकला फोन लावला. 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता...' ती कठड्याकडं धावली. "धावजीकाका! बाले बाहेर काढा! बाहेर!" खाली धावजीनं वर पाहिलं. त्या यंत्राच्या घरघरीत त्याला काय ऐकू जाणार? पोरगी हात हलवते आहे, एवढंच त्याला दिसलं. त्यानंही हसून हात हलवला.

मग ती पळाली.

चौथा मजला. चप्पल एका पायातून निसटली, दुसरी तिनंच झटकली. तिसरा. कोणीतरी दारात बादली ठेवली होती, तिच्यावरून उडी. दुसऱ्यावर तिनं ओरडायला सुरुवात केली, "दादा, लावू नको! दादा!" पण जिन्यात आवाज नुसता घुमला, शब्द काही उरले नाहीत. किती पायऱ्या असतात एका इमारतीला? रोज चढते-उतरते, कधी मोजल्या नव्हत्या. तिच्या डोळ्यांसमोर बटण नव्हतं, टाकी नव्हती, फक्त ते दोन चौकोनी खांदे होते, आत जाताना दिसलेले.

पहिल्या मजल्यावर एकशेदोनचं दार सताड उघडं होतं. मधुसूदनकाका बनियनवर उभे, मोबाईल नाकाशी धरलेला, दोन्ही अंगठे चालू. तोंडातून आवाज नाही. तिच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. ती त्यांना ओलांडून गेली.

जिन्याखाली अभिषेक उभा होता. फ्यूज त्यानं बसवला होता. डावा हात स्टार्टरच्या हिरव्या बटणावर होता आणि उजव्या हातात मोबाईल. तो मोबाईलकडं पाहत होता आणि हलत नव्हता.

उज्ज्वला थांबलीच नाही. तिनं त्याचं मनगटच धरलं आणि बटणावरून खाली ओढलं.

"नाही दाबलं," तो म्हणाला. "उज्जू, आईशप्पथ, नाही दाबलं. 'चालू आहे' कोणी म्हटलं का ते पाहाले ग्रुप उघडला, तर..."

त्याच्या मोबाईलवर वाचण्यासारखं शेवटचं उरलं होतं ते तिचंच वाक्य. 'लखन खालच्या टाकीत उतरला आहे. मोटर लावू नका.' त्याच्याखाली नुसत्या 'मेसेज काढून टाकला' अशा ओळी. हंडा नाही, पाहुणे नाहीत, सुप्रभात नाही. काकांनी वरून ग्रुप बंद करून टाकला होता, म्हणजे आता सेक्रेटरीशिवाय कोणीच लिहू शकणार नाही. आणि तिच्या वाक्यावर चढलेले मेसेज त्यांनी एकेक करून सगळ्यांच्या मोबाईलवरून उडवले होते. तोपर्यंत काकाही खाली पोचले. धापा टाकत होते. तहसीलमध्ये असताना ते आग लागली तरी पायऱ्या मोजून उतरले असते, असं कुंदाकाकू म्हणायच्या.

काकांनी फ्यूज उपसला आणि मुठीत धरला. तिघंही थोडा वेळ त्या पेटीकडं पाहत उभे राहिले, जशी काही ती आत्ता बोलणार होती.

"मी उडवली ती ओळ," उज्ज्वला म्हणाली. आता तिला रडू फुटलं. "तुमच्या नोटिशीत होती काका. सव्विसावी. मीच उडवली."

"माझ्या नोटिशीतली कोणी वाचली असती?" काका म्हणाले. "मी ती नम्र विनंती करून खाली दडवून ठेवली होती." त्यांनी बनियनलाच चष्मा पुसला. "रडणं मग. आधी हे सांग, लखनला वर काढू का?"

तिनं मागं जाऊन विचारलं. टाकीतून लखनचा आवाज घुमत आला. अर्धा गाळ तसाच आहे, म्हणाला, दुपारी एकला नळ येणार, त्याआधी टाकी झाली नाही तर ताजं पाणी गाळात पडते. फ्यूज साहेबांच्या मुठीत आहे ना? मग मी काहून वर येऊ? काय झालं होतं, ते तिनं त्याला सांगितलं नाही. धावजीला मात्र दोराचा हात सोडू नका म्हणाली, आणि दोनदा म्हणाली.

म्हणजे अजून तीन तास होते. सोळा घरं, एक बटण, आणि वरून कोणी तारेचा तुकडा घालून फ्यूज बनवणार नाही याची काय हमी? या इमारतीत तार घालणारे हात काही कमी नव्हते.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. काकांचा मोबाईल तिच्या हातात होता. काल सोफ्यावर जशी बसली होती तशी ती आज बसली नव्हती.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"मला विचारतेस?"

"अभिषेकदादा, तू सांग. तू काल नोटीस वाचली होती ना? पूर्ण?"

"हाव, पूर्ण वाचली." अभिषेक ओशाळला. "मले वाटलं पाणी बंद करून राह्यले म्हणजे वरची टाकी धुवून राह्यले. खालची भरली असनच. पाच मिनिटं ओढून घेऊ, मग धुवा म्हणा खुशाल."

"अन् वरचा कॉक मीच बंद केला होता. मोटर लावली असती तरी तुले एक थेंब आला नसता."

त्यानं मोबाईल खिशात घातला.

उज्ज्वलानं लिहिलं. या वेळी काय काय काढता येईल ते तिनं पाहिलंच नाही. खाली उभा असलेला, घाईतला, हातात बादली घेतलेला माणूस आधी काय करणार, तेवढंच पाहिलं. ते करू नको, हे पहिल्या ओळीत. काहून नको, हे दुसऱ्या. बाकीचं त्याच्याखाली.

'मोटर लावू नका. फ्यूज बसवू नका.
खालच्या टाकीत माणूस उतरला आहे.
आज, रविवार २२ फेब्रुवारी, दुपारी १ पर्यंत पाणी येणार नाही.
काम झालं की इथेच "माणूस बाहेर आला" असं लिहू. त्यानंतरच मोटर.
प्यायला पाणी हवं असेल तर फ्लॅट १०२ मध्ये या.'

"शेवटचं कोणाला विचारून?" काका म्हणाले.

"काकूंनी चार हंडे भरले आहेत. मी पाहिले."

काकांनी पाठव असं बोटानं खुणावलं. मग वर घरी जाऊन त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर तीच पहिली दोन वाक्यं स्केचपेननं लिहून आणली आणि स्टार्टरच्या बटणावरच चिकटवली. विषय लिहिला नाही. संदर्भ लिहिला नाही. सही मात्र केली.

आता कोणी अंगठा देऊ शकत नव्हतं, म्हणून कोणी वाचलं ते कसं कळणार? उज्ज्वलानं मेसेजवर बोट दाबून धरलं आणि माहिती उघडली. ज्यांनी वाचला त्यांची नावं एका बाजूला, ज्यांच्याकडं नुसता पोचला त्यांची दुसऱ्या. वाचणाऱ्यांत नऊ होते. मग अकरा. कुंदाकाकूंनी वरून हाक मारली, "लखन टाकीत तर मग लखनच्या मोबाईलवरून लिहून कोण राह्यलं होतं बाई? मले तर भूतच वाटलं!" कोणी हसलं नाही, आणि मग सगळेच हसले. तेरा. चौदा. तीनशेएकच्या काकू स्वतः खाली येऊन कागद वाचून, तोंडाला पदर लावून परत गेल्या. पंधरा.

पोचला पण वाचला नाही, असं एकच नाव उरलं. चारशेदोन. पुंडलिकराव.

"ते दिग्रसला गेले परवा," काका म्हणाले. "कापसाच्या हिशेबाला."

"परत कधी येणार?"

कोणाला माहीत नव्हतं. फोन लागला नाही. घरी त्यांची म्हातारी आई एकटी, तिच्याकडं मोबाईल नाही. अभिषेक वर जाऊन त्या म्हातारीला सांगून आला. म्हातारी म्हणाली, हाव, पाणी नाही, मी पोराले सकाळीच शेजारच्या फोनवरून सांगतलं, येता येता मोटर लावून ये म्हणून.

येता येता.

उज्ज्वला पायरीवरून उठली नाही. पावणेबारा झाले. बारा झाले. मागं बादलीचा आवाज येई, गाळ पडल्याचा थपथप आवाज येई, आणि तो येत होता तोवर तिला श्वास घेता येई. मध्येच तो थांबला की तिचे कान मागं जात. मग धावजी खाकरे, आणि पुन्हा थपथप. याडी कामावरून परत आली, लेकीचा चेहरा पाहिला, काही न विचारता तिच्या शेजारी बसली. तिच्या अनवाणी पायांवर तिनं आपला पदर टाकला.

सव्वाबाराला गेटपाशी रिक्षा थांबली. पुंडलिकराव उतरले. एका हातात पिशवी, दुसऱ्या खांद्यावर पडशी, एसटीच्या उभ्यानं केलेल्या प्रवासानं कातावलेले. पार्किंगमधून ते थेट जिन्याखाली आले. पेटीपाशी पिशवी ठेवली. फ्यूज नाही हे पाहिलं, च्यक केलं, आणि खिसे चाचपायला लागले. खिशातून तारेचं एक वेटोळं निघालं.

कागद त्यांच्या नाकासमोर होता. पण त्यांचा चष्मा पडशीत.

"पुंडलिककाका," उज्ज्वला म्हणाली. उभी राहिली. ओरडली नाही. "मोटर लावू नका. खालच्या टाकीत माणूस उतरला आहे."

पुंडलिकरावांचा हात जिथं होता तिथं थांबला. तार बोटांत.

"कोण?"

"माझा बा."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, याडीकडं पाहिलं, मग हातातल्या तारेकडं. ती तार त्यांनी पेटीवर ठेवली नाही, खिशातही ठेवली नाही. काकांच्या हातात दिली, आणि पेटीपासून दोन पावलं मागं सरकले. "आईनं तर मले..." असं काहीतरी म्हणाले आणि पायरीवर बसले. वर गेलेच नाहीत. तिथंच बसून राहिले सगळे, लग्नघरासमोर वरात यायची असावी तसे.

साडेबाराला मागून लखनची हाक आली. उज्ज्वला पळत गेली. टाकीच्या चौकोनातून आधी दोन काळेशार हात आले, मग चिखलानं माखलेलं डोकं. धावजीनं ओढलं. लखन काठावर बसला आणि पाय बाहेर घेतले. तिनं ते दोन्ही पाय बाहेर आलेले पाहिले.

"झाली चकाचक," तो म्हणाला. "आता पाहा तोंड दिसंन पाण्यात. काय झालं व? कायले रडतं?"

मग तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. नोटीस, सव्विसावी ओळ, फुलं, अभिषेकचं बटण. लखन ऐकत होता आणि बोटांच्या पेरांतला गाळ काढत होता. धावजीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याला आत्ता कळलं की गच्चीवरची पोरगी हात का हलवत होती.

लखननं हात मांडीला पुसले. मग म्हणाला, "चूक माहीबी आहे. फ्यूज खिशात ठेवा लागत होता." मग म्हणाला, "मोबाईल कुठाय?"

"काकांचा आहे माझ्याकडं. लिहू का आता, माणूस बाहेर आला?"

"थांब."

तो उठला. आत वाकून बॅटरी फिरवली. बादल्या मोजल्या, दोन. घासणी, खराटा, दोर. दोराची गाठ सोडली. धावजीला पुन्हा एकदा आत पाहायला लावलं. इमारतीच्या गॅलऱ्यांमधून आता सगळी डोकी बाहेर आली होती. पहिल्या मजल्यावरून कुंदाकाकू, त्यांच्याशेजारी अभिषेक, वर चारशेदोनची म्हातारी. सगळ्यांचे हंडे रिकामे होते आणि सगळे त्या एका मोबाईलकडं पाहत होते.

"झालं का व, उज्जू?" काकूंनी विचारलं. "बाहेर तर आला ना तुहा बा?"

मेसेज लिहून तयार होता. फक्त बोट टेकवायचं बाकी होतं. उज्ज्वलानं बोट वरच धरलं. लखन आणि धावजी दोघं मिळून झाकणाला हात घालत होते, झाकण जड होतं आणि एक कडा अजून उचललेली होती.

"नाही काकू," ती म्हणाली. "झाकण लागू द्या."